शिकिशीवरचे चार निरोप : प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी २०२४

परवा रात्री कोल्हापूरला पोहोचले. दहा महिने जपानमधल्या मात्सुमोतोत एका घरी लेकीसारखी राहिले आणि निघताना त्या घरानं स्टेशनवर मला एक पाकीट दिलं. "गाडीत नाही, घरी गेल्यावर उघड," असं ओकाआसाननं, म्हणजे तिथल्या आईनं, बजावलं होतं. आझुसा गाडी सुटली तेव्हा ते मांडीवरच होतं, पण शब्द पाळला.

आत शिकिशी आहे. जाड पुठ्ठ्याचा पांढरा चौकोन, कडेला सोनेरी पट्टी. पट्टीनं मोजला, २४.२ बाय २७.३ सेंटिमीटर. शिकिशीचं ठरलेलं मापच हे. मधे माझं नाव लिहितात आणि भोवती सगळे आपापला मजकूर लिहितात. या प्रकाराला योसेगाकि म्हणतात. शाळेतून कुणी बदलून जाताना, नोकरीतून निवृत्त होताना जपानी लोक असं लिहून देतात.

माझ्या नावातल्या 'क्ता'चं त्यांनी 'कुता' केलंय. जपानीत 'न' सोडला तर व्यंजन एकटं उभं राहत नाही, त्याला स्वर लावावाच लागतो. आता ते नाव वाचताना त्या घरातली हाक ऐकू येते.

सेन्सेईंना (पुण्याच्या माझ्या जपानीच्या मॅडम) फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन. दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, आभाराचं पत्र लवकर गेलं पाहिजे, महिना उलटू देऊ नकोस. दुसरी, आधी शिकिशी नीट वाच, मग पत्र लिही. त्यांनी काय म्हटलंय ते न कळता नुसतं 'आरिगातो' लिहिलंस तर ते कुणालाही पाठवण्यासारखं पत्र होईल. नोंदी ठेवायला त्यांनीच सांगितलं. पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलामुलींना दाखवता येतील.

६ फेब्रुवारी

आज भाषांतर नाही, फक्त उतरवून घेणं.

मजकूर चाकाच्या आऱ्यांसारखे लिहिलेत, प्रत्येकाची दिशा वेगळी. एकूण चार: धाकट्या भावाचा, ओतोसानचा (बाबा), ओकाआसानचा आणि ओबाआचानचा (आजी). सकाळी गच्चीवर ऊन तिरपं असताना फोटो काढले. दुपारच्या उन्हात सोनेरी पट्टी चमकते आणि कडेची अक्षरं पुसट होतात. प्रत्येक मजकूर वेगळा कापून सरळ फिरवला आणि वहीत एकेका पानावर जसाच्या तसा उतरवला. जिथे खात्री नाही त्या अक्षराभोवती पेन्सिलनं गोल.

गोल मोजले: भावाचे शून्य, आईचे दोन, बाबांचं एक, आजींचे नऊ.

८ फेब्रुवारी

धाकट्याचं पान. तो तेरा वर्षांचा, अक्षर मोठं, रेघा एकमेकींपासून सुट्या. "करी भारी होती. भेटू परत." भारी साठी त्यानं 'उमाइ' वापरलाय. हा मुलग्यांच्या तोंडचा शब्द, मोठ्यांना पत्रात लिहायचा नाही. मराठीत मी 'भारी'च ठेवलं. 'रुचकर' लिहिलं असतं तर तो तेरा वर्षांचा राहिला नसता.

त्याखाली सगळ्यात मोठ्या अक्षरांत: इत्तेराश्शाइ.

हा शब्द मी रोज सकाळी ऐकलाय. मी दारात बूट घालताना म्हणायचे 'इत्तेकिमास' आणि आतून सगळे म्हणायचे 'इत्तेराश्शाइ'. पण त्याचा अर्थ मी कधी शोधला नव्हता, तो बूट घालण्याचाच भाग झाला होता. jisho.org वर पाहिलं तर इंग्रजीतून 'दिवस चांगला जावो', 'जपून जा' असे अर्थ दिलेत. तेच वहीत लिहिलं आणि इथल्या माझ्या आजीला वाचून दाखवलं.

आजी म्हणाली, "त्या शब्दाची फोड काय?"

फोड केली. 'इत्ते' म्हणजे जाऊन. 'किमास' म्हणजे येते. इत्तेकिमास, जाऊन येते. आणि इत्तेराश्शाइ, जाऊन ये.

"अगं, मग हे आपलंच की," आजी म्हणाली. लहानपणापासून तिनं मला शंभरदा टोकलंय: "जातो म्हणू नगंस, येतो म्हण." (कोल्हापुरात आम्ही मुलीसुद्धा घरात 'येतो', 'जातो'च म्हणतो.) दारातून निघणारा परत येणार आहे हे शब्दातच घालून ठेवायचं, ही तिची शिस्त. मात्सुमोतोतल्या दारातही तीच शिस्त होती, आणि मी दहा महिने ती पाळत होते ते मला आज कळलं.

इंग्रजी अर्थ खोडला. 'जाऊन ये' लिहिलं.

यातून एक नियम ठरवला: शब्दकोश इंग्रजीत असला तरी इंग्रजीवर थांबायचं नाही. जपानी शब्दाची फोड करायची आणि थेट मराठी शोधायची. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, दोन्हींत 'घरी', 'घरातून' यांसारखे प्रत्यय नामामागे लागतात. मधे इंग्रजी आणली की वाक्य एकदा उलटं होतं आणि मग पुन्हा सुलटं करताना काहीतरी सांडतं.

भावानं 'सायोनारा' लिहिलं नाही, याकडे सेन्सेईंनी लक्ष वेधलं. परगावी जाणाऱ्या घरच्या माणसाला सायोनारा म्हणत नाहीत.

११ फेब्रुवारी, रविवार

ओतोसानची दोनच वाक्यं. ती उलगडायला मला तीन तास लागले, आणि या सगळ्या कामातले सगळ्यात चांगले तास हेच.

उच्चार माझ्या पहिल्या वाचनाप्रमाणे: "साइशो नो कारे वा काराकात्ता. वाकारे वा मोत्तो काराइ." म्हणजे, पहिली करी तिखट होती, निरोप आणखी तिखट आहे.

पहिलं वाक्य मला चांगलंच आठवतं. मी गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आईनं बांधून दिलेल्या कांदा-लसूण मसाल्याची कोंबडी केली होती. माझ्या हातानं मसाला निम्माच घातला, तरी ओतोसान घामाघूम झाले आणि न बोलता तीन वाट्या भात संपवला. पण 'निरोप तिखट' हे काय?

गोल केलेलं अक्षर तेच, दोन्ही वाक्यांत. आधी वाटलं मी अक्षरच चुकीचं वाचलंय. याच्यासारखं दिसणारं दुसरं अक्षर आहे, ज्याचा अर्थ सुख. फरक डोक्यावरच्या एका आडव्या रेघेचा. सुखाच्या अक्षराला आठ रेघा, तिखटाच्या अक्षराला सात. फोटो मोठा करून, पेनची दिशा पाहत मोजल्या. सात. दोन्हीकडे सातच. म्हणजे वाचन बरोबर होतं.

मग शब्दकोशात त्या अक्षराखालची संपूर्ण नोंद वाचली, पहिल्या अर्थावर न थांबता. तिथे सापडलं: हेच अक्षर 'काराइ' असंही वाचतात आणि 'त्सुराइ' असंही. काराइ म्हणजे तिखट, त्सुराइ म्हणजे सोसायला जड. शेवटी जोडायची अक्षरंही तीच असतात, त्यामुळे लिहिलेल्या रूपावरून कोणता शब्द ते कळूच शकत नाही. शेजारच्या शब्दांवरून ठरवायचं. करीच्या शेजारी काराइ, निरोपाच्या शेजारी त्सुराइ.

तरी शंका होती. ही गंमत त्यांनी मुद्दाम केली की लिहिताना सहज झाली? सेन्सेईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सरकारनं रोजच्या वापरासाठी ठरवलेली २,१३६ अक्षरांची यादी आहे, जोयो कान्जि. त्या यादीत या अक्षराचं 'काराइ' हे वाचन आहे, 'त्सुराइ' नाही. म्हणून वर्तमानपत्रं त्सुराइ 'काना' या साध्या उच्चारी लिपीत लिहितात, आणि घोटाळा टाळायला बरेच लोकही तसंच लिहितात. "तुझे ओतोसान दोन वाक्यांत दोनदा तेच अक्षर लिहितायत. ते मुद्दामच."

आता मराठी. 'पहिली करी तिखट होती, निरोप त्याहून जड आहे' हे बरोबर आहे, पण दोन वाक्यांना बांधणारा धागा तुटतो. दोन्हीकडे चालेल असा एकच शब्द हवा. तिखट? 'तिखट निरोप' कुणी म्हणत नाही. कडू? कडू निरोप म्हणजे भांडून झालेला. आई भाकरी थापत होती, तिला विचारलं, मिरचीचंही आणि मनाचंही सांगणारा शब्द कोणता. पीठ लावलेला हात तसाच थांबवून म्हणाली, "झोंबणं."

"पहिला रस्सा झोंबला. निरोप त्याहून झोंबतोय."

शब्द झोंबतो, वारा झोंबतो, मिरची तर झोंबतेच. ओतोसानना मराठी येत असती तर त्यांनी हाच शब्द वापरला असता. 'करी'चा रस्साही त्यामुळेच केला. कोल्हापुरात झोंबतो तो रस्सा.

१४ फेब्रुवारी

ओकाआसानचं पान. दोन गोल सुटले, दोन्ही घाईत जोडलेल्या रेघांचे. वाक्य असं: "उचि नो को नि नात्ते कुरेते आरिगातो."

'उचि' म्हणजे आत, घराच्या आत, म्हणून आपलं घर, आपली माणसं. 'को' म्हणजे मूल. आमच्या घरचं लेकरू. 'नात्ते' म्हणजे होऊन. अडलं ते 'कुरेते'शी.

कुरेरु म्हणजे देणं, पण कुणीतरी मला किंवा माझ्या माणसांना देणं. दुसऱ्या क्रियापदाला जोडला की 'ते काम आमच्यासाठी केलं' असा अर्थ येतो. आपल्याकडे 'लिहून दिलं', 'शिवून दिलं', 'वाचून दिलं' असतं, अगदी तसं. नुसतं 'शिवलं' म्हटलं तर काम झालं. 'शिवून दिलं' म्हटलं की कुणासाठी तरी झालं.

पण आपण 'लेकरू होऊन दिलंस' म्हणत नाही. 'होणं' ही आपल्याकडे द्यायची गोष्ट नाही. ओकाआसाननं मात्र मी त्यांच्या घरची झाले हे मी त्यांना दिलेलं काहीतरी असल्यासारखं लिहिलंय. मी दहा महिने समजत होते की देणारे ते आणि घेणारी मी. तिचं वाक्य उलटीकडून आहे.

पाच-सहा मसुदे केले. 'आमची लेक झाल्याबद्दल धन्यवाद' हे समारंभातल्या आभारप्रदर्शनासारखं वाटतं. आईच्या तोंडी 'बद्दल धन्यवाद' बसत नाही. शेवटी:

"आमच्या घरची लेक झालीस, फार बरं केलंस गं."

'बरं केलंस'मध्ये ते 'कुरेते' येतं असं मला वाटतं. आपण पाहुण्याला 'आलात, बरं केलंत' म्हणतो तेव्हा येण्याचा उपकार त्याचा असतो. सेन्सेईंना 'आरिगातो' गळाल्यासारखं वाटलं. मी 'गं'वर आणि 'फार'वर भार टाकलाय. इथे माझंच ठेवणार.

१८ फेब्रुवारी, रविवार

ओबाआचान. नऊ गोल.

त्या ब्रश-पेननं लिहितात, उभ्या ओळीत, वरून खाली, आणि ओळी उजवीकडून डावीकडे. एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराचं डोकं होते. पहिली ओळ संदर्भावरून निघाली, कारण ते वाक्य मी फोनवरही ऐकलंय: "कारादा नि कि ओ त्सुकेते." शब्दशः, शरीराकडे 'कि' लाव. 'कि' म्हणजे प्राण, चित्त, लक्ष, सगळं एकत्र. शब्दकोश म्हणतो 'काळजी घे'. आमची आजी म्हणाली, "जिवाला जप." मी काही विचारायच्या आतच म्हणाली. लिहून टाकलं.

दुसरी ओळ: "इत्सुदेमो काएत्ते" आणि पुढे तीन अक्षरं. इत्सुदेमो म्हणजे केव्हाही. शेवटची तीन मी 'आइते' अशी वाचली. शब्दकोशात आइते म्हणजे समोरचा माणूस, जोडीदार. 'केव्हाही परतून जोडीदार.' अर्थ लागेना. पूर्ण एक तास व्याकरण शोधत बसले, आणि चूक व्याकरणात नव्हतीच.

मग आठवलं की माझ्याकडे ओबाआचानच्या हातचं आणखी एक लिखाण आहे. सहलीला जाताना त्यांनी डब्यावर चिठ्ठी लावली होती: 'ओनिगिरि, उमे'. भाताचे गोळे, आत खारवलेलं आलुबुखारासारखं फळ. ती चिठ्ठी मी डायरीत चिकटवली होती. आता त्यातलं पहिलं अक्षर 'ओ' आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण डब्यात ओनिगिरिच होते. चिठ्ठी आणि शिकिशी शेजारी ठेवली. छापील 'ओ'च्या उजव्या खांद्यावर एक सुटा ठिपका असतो. ओबाआचान तो ठिपका सुटा ठेवत नाहीत, गोलाईच्या शेवटातून ब्रश न उचलता वर नेतात, आणि मग ते 'आ'सारखं दिसतं. शिकिशीवर अगदी तोच फटका.

म्हणजे 'आइते' नाही, 'ओइते'. आणि 'ते'च्या डोक्यावरच्या दोन बारीक रेघा, ज्यांनी 'ते'चा 'दे' होतो, त्या भरभर लिहिताना सुटतात. 'ओइदे'. म्हणजे ये, मायेनं म्हटलेलं ये.

"इत्सुदेमो काएत्ते ओइदे."

हे कळलं तेव्हा साडेचार वाजले होते आणि मी चहा घ्यायचा विसरले होते.

'काएरु' हे क्रियापद साधं 'परत येणं' नाही. बाजारात पुन्हा येणं, हॉटेलात पुन्हा येणं, याला काएरु चालत नाही. जिथले आपण असतो तिथे परतणं म्हणजे काएरु. पाहुणा पुन्हा आला तर तो 'माता किता', म्हणजे पुन्हा आला. घरचा माणूस काएरु करतो. संध्याकाळी मी दारात 'तादाइमा' म्हटलं की आतून येणारं 'ओकाएरि' हे याच क्रियापदाचं रूप.

मराठी करताना आई म्हणाली, 'केव्हाही माहेरी ये' लिही. मोह झाला, कारण ऊब तीच आहे. पण माहेर म्हटलं की सासर आलं, आणि ओबाआचानच्या मनात तसलं काही नाही. "केव्हाही घरी ये." 'आमच्या घरी' नाही, 'परत' नाही, नुसतं घरी. 'घरी ये' आपण घरच्यालाच म्हणतो.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. पहाटेपासून ढोलताशा, वही उघडलीच नाही.

२१ फेब्रुवारी

पत्राचा पहिला मसुदा सेन्सेईंना पाठवला. लाल होऊन परत आला. दोन चुका इथे लिहून ठेवते, त्या सगळ्यांच्याच होतील.

एक. मी लिहिलं होतं, "कोल्हापूरचे फोटो ओकुत्ते आगेमास", म्हणजे पाठवून देते. मराठीत यात काही वावगं नाही. पण 'आगेरु' हे माझ्याकडून बाहेर जाणारं देणं आहे, आणि ते मोठ्यांना उद्देशून तोंडावर म्हटलं की 'तुमच्यावर उपकार म्हणून पाठवते' असा वास येतो. कुरेरुचं आणि आपल्या 'देणं'चं जे साम्य मला १४ तारखेला इतकं आवडलं होतं, ते इथे फसतं. आपलं 'देणं' दोन्ही दिशांना चालतं, जपानीत दिशेप्रमाणे शब्द बदलतो. दुरुस्ती: 'ओओकुरि शिमास'. स्वतःकडे कमीपणा घेऊन पाठवणं.

दोन. 'ओसेवा नि नारिमाशिता.' हे वाक्य आभारपत्रात यावंच लागतं. मी त्यातला 'सेवा' आपलाच समजत होते आणि अर्थ घेत होते 'मी तुमची सेवा केली', म्हणून लाजून गाळलं होतं. जपानीत संस्कृतातून गेलेले शब्द आहेत, 'दान्ना' (घरधनी) हा आपल्या 'दान'वरून गेलाय, त्यामुळे मला शंकाही आली नाही. पण हा 'सेवा' से-वा असा दोन अक्षरांचा जपानी शब्द, संस्कृतशी नातं नाही. अर्थ देखभाल, उस्तवार. पूर्ण वाक्याचा अर्थ 'तुम्ही माझं सगळं केलंत'. नेमकं तेच तर मला म्हणायचं होतं.

शिकवण्याबद्दल लिहिताना दोन मार्ग होते: 'ओशिएते कुदासाइमाशिता', तुम्ही शिकवून दिलंत, किंवा 'ओशिएते इतादाकिमाशिता', मला तुमच्याकडून शिकायला मिळालं. पहिल्यात देणारा पुढे, दुसऱ्यात घेणारी. मी दुसरा घेतला. ओकाआसाननं आपल्या वाक्यात देणारी मला केलं होतं. उत्तरात मला घेणारीच व्हायचं होतं.

२४ फेब्रुवारी

पत्राची मांडणी. आजीच्या जुन्या पत्रांत वर उजवीकडे गाव आणि तारीख, मग 'ति. स्व. बाबांस सा. न. वि. वि.' आणि मग मजकूर. जपानी उभ्या पत्रात हे सगळं शेवटी जातं: तारीख, मग ओळीच्या तळाशी आपलं नाव, मग सगळ्यात शेवटी डावीकडे, ओळीच्या माथ्याशी, ज्यांना लिहिलं त्यांचं नाव आणि आदरार्थी 'सामा'. आपण खाली, ते वर.

औपचारिक पत्र 'हाइकेइ'नं उघडतं (वंदन करून सांगते) आणि 'केइगु'नं मिटतं (आदरानं सांगितलं). आजीला ते फार पटलं, ते तिचं सा. न. वि. वि.च होतं. पण सेन्सेईंचं मत पडलं की 'केव्हाही घरी ये' म्हणणाऱ्यांना हाइकेइ लिहिलं तर दूरचं वाटेल. गाळलं. ऋतूचं वाक्य मात्र गाळायचं नाही. आधी त्यांच्याकडचा ऋतू, मग आपला.

उभ्या रेघांचा कागद इथे कुठे शोधू? पांढऱ्या जाड कागदाखाली ठेवायला एक कागद पट्टीनं आखला, दहा ठळक उभ्या रेघा. वरून रेघा दिसतात, पत्रावर उमटत नाहीत. काळं जेल पेन. पेन्सिल नाही, आणि कुणाचंही नाव लाल शाईत नाही. ते अशुभ मानतात.

ओतोसानच्या गमतीला उत्तर द्यायचं होतं: 'पुढची करी आणखी तिखट करीन.' ते अक्षर वापरलं तर हेच वाक्य 'आणखी सोसायला जड करीन' असंही वाचता येईल. म्हणून काराइ साध्या काना लिपीत लिहिलं. ते अक्षर त्यांच्यापाशीच राहू दे.

२६ फेब्रुवारी

पक्कं पत्र उतरवलं. तीन कागद वाया गेले, दोन शाई सांडून, एक ओळ सुटून. आजी-आईसाठी मराठी इथे लिहून ठेवते:

"मात्सुमोतोत अजून गारठा असेल. कोल्हापुरात ऊन चढायला लागलंय, आंब्याला मोहोर आलाय आणि गुऱ्हाळावरून गुळाचा वास येतो. पत्राला उशीर झाला, माफ करा. शिकिशी नीट वाचल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

दहा महिने तुम्ही माझं सगळं केलंत. भात धुण्यापासून बर्फात चालण्यापर्यंत किती तरी तुमच्याकडून शिकायला मिळालं. ओतोसान, दोन्ही वाक्यं समजली. पुढची करी आणखी तिखट करीन. ओकाआसान, तुमचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, माझ्या लेकीला आणखी एक आई आहे हे बरं झालं. धाकट्या, आमच्याकडेही दारात 'जाऊन ये'च म्हणतात. ओबाआचान, तुमची डब्यावरची चिठ्ठी माझ्याकडे आहे, तिच्यामुळेच तुमचं अक्षर वाचता आलं. पुढच्या वेळी घरी येईन तेव्हा ओनिगिरि वळायला शिकवा. जिवाला जपा."

'घरी येईन'ला मी 'काएरु' वापरलं. हात थोडा थांबला होता. कोल्हापूरला पोहोचल्यावर त्यांना केलेल्या फोनवरही मी काएरुच म्हटलं होतं. सेन्सेई म्हणाल्या, त्यांनी ते क्रियापद तुला दिलंय, तू वापरू शकतेस.

२७ फेब्रुवारी

पोस्टात देऊन आले. पत्ता जपानीत, देशाचं नाव तेवढं इंग्रजीत मोठ्या अक्षरांत, म्हणजे इथल्या माणसालाही कळेल. कागद तीन घड्यांत, दोन फोटो, रजिस्टर केलं.

नऊपैकी आठ गोल सुटले. नववं अक्षर 'ओइदे'च्या खाली आहे, ब्रशची शाई संपत आलेली, अर्धं कोरडं. 'ने' असेल तर 'घरी ये हं' होईल. ओबाआचानच्या नावाचं पहिलं अक्षर असेल तर ती फक्त सही. चिठ्ठीवर त्यांनी सही केली नव्हती, त्यामुळे ताडून पाहायला काही नाही. वहीत त्याभोवतीचा गोल तसाच ठेवलाय, आणि पत्राच्या शेवटच्या ओळीत तेवढं एक अक्षर त्यांनाच विचारलंय.